पिन ॲपच्या हाती लागतच नाही

> पीओएस मशीनमध्ये शेवटी एक प्रोग्रामच चालतो ना? मग तो लिहिणाऱ्याला ग्राहकाचा पिन वाचता किंवा साठवता येत नाही, हे कसं शक्य आहे?

मी काही वर्षं या मशीनवरची पेमेंट ॲप लिहिली आहेत. मला एकाही ग्राहकाचा पिन दिसला नाही, आणि पाहायचा ठरवला असता तरी दिसला नसता. कारण मशीनमध्ये एक नाही, दोन जगं असतात. बिल, रक्कम, पावती, बँकेशी बोलणं हे ॲपचं जग. कीपॅड, कार्ड रीडर आणि एन्क्रिप्शनच्या किल्ल्या ज्याच्या ताब्यात असतात तो सुरक्षित भाग वेगळा, त्याचं फर्मवेअरही वेगळं.

पिन घ्यायची वेळ आली की ॲप त्या भागाला एवढंच सांगतं: हा कार्ड नंबर, ही रक्कम, पिन घे. तिथून कीपॅडवर ॲपचा ताबा राहत नाही. ग्राहकाने आकडा दाबला की ॲपला फक्त 'एक बटण दाबलं गेलं' एवढंच कळतं, म्हणून पडद्यावर चांदणी उमटते. हिरवं बटण दाबल्यावर ॲपला मिळतो तो थेट एन्क्रिप्ट झालेला आठ बाइटचा तुकडा.

तो तुकडा कसा बनतो ते मानकातल्या चाचणीच्या आकड्यांवर पाहा. पिन १२३४, कार्ड नंबर ४०१२३४५६७८९०९. पिनच्या आधी ०४ लागतं (० हा प्रकार, ४ ही पिनची लांबी) आणि उरलेली जागा F ने भरतात. कार्ड नंबरचा शेवटचा तपासणी अंक सोडून आधीचे बारा अंक घेतात, पुढे चार शून्यं लावतात आणि दोन्ही ओळींचा एक्सॉर करतात, म्हणजे त्या बिटनिहाय एकमेकींत मिसळतात:

```
041234FFFFFFFFFF
0000401234567890
----------------
041274EDCBA9876F
```

कार्ड नंबर मिसळल्यामुळे दोन ग्राहकांचा पिन योगायोगाने सारखा असला तरी ब्लॉक वेगळे पडतात. पण हे अजून एन्क्रिप्शन नाही. कार्ड नंबर माहीत असणारा कोणीही ते उलटवून पिन काढेल. म्हणून हा ब्लॉक सुरक्षित भागाच्या बाहेर येतच नाही. तिथेच तो ट्रिपल डेस या एन्क्रिप्शनच्या पद्धतीने एन्क्रिप्ट होतो आणि ॲपच्या हातात पडतं ते हे:

```
PIN block: 1B9C1845EB993A7A
KSN:       FFFF9876543210E00001
```

आता खरी गंमत किल्लीची. 'डकपुट' या पद्धतीत प्रत्येक व्यवहाराला वेगळी किल्ली वापरतात. ब्लॉकसोबत आलेल्या केएसएन या क्रमांकात मशीनची ओळख आणि व्यवहाराचा काउंटर असतो. बँकेच्या बाजूचं एचएसएम, म्हणजे किल्ल्या सांभाळणारं सुरक्षित यंत्र, मूळ किल्लीवरून आणि केएसएनवरून तीच किल्ली पुन्हा तयार करतं. मशीनमध्ये ती मूळ किल्ली कधीच नसते, आणि वापरलेली किल्ली लगेच पुसली जाते. त्यामुळे आज कोणी मशीन फोडून आतल्या किल्ल्या मिळवल्या तरी कालचे पिन उलगडता येत नाहीत. काउंटर सुमारे दहा लाख व्यवहारांपर्यंत चालतो, त्यानंतर मशीन पिन घेणं थांबवतं आणि त्यात नवी किल्ली भरावी लागते.

ही आंधळेपणाची सोय किती पक्की आहे हे मला एका चुकीमुळे कळलं. आमच्या ॲपने ब्लॉक नवा पाठवला, पण केएसएन मागच्या व्यवहाराचा. बँकेकडून नकारामागून नकार येऊ लागले. ग्राहक शपथेवर सांगत होते की पिन बरोबरच टाकलाय. आमच्या लॉगमध्ये पिन नव्हताच, तेव्हा ते खरं की खोटं हे ताडून पाहायची काहीच सोय नव्हती. उलगडा झाला तो बँकेच्या बाजूने. त्यांचं एचएसएम 'पिन चुकला' म्हणत नव्हतं, 'ब्लॉकचा साचाच जमत नाही' म्हणत होतं. चुकीच्या किल्लीने उघडल्यावर सुरुवातीचा ०४ आणि शेपटीचे F जागेवर सापडत नाहीत. एकाच मशीनवर सगळ्यांचे पिन नाकारले जात असतील, तर ग्राहकाला दोष देण्याआधी हे तपासा.

मशीन उघडायचा प्रयत्न झाला, तर आतली बारीक तारांची जाळी तुटते आणि बॅटरीवर टिकवलेल्या किल्ल्या पुसल्या जातात. बॅटरी मेली तरी तेच होतं, म्हणून बराच काळ कपाटात पडलेलं मशीन कधीकधी पिन घ्यायलाच नकार देतं.

मात्र एक फट उरते. ॲपला फोन नंबर, टिपची रक्कम असे साधे आकडे विचारावे लागतात, आणि त्या वेळी ॲपला आकडे दिसतातच. मग लबाड ॲपने तिथेच पडद्यावर 'पिन टाका' लिहिलं तर? एन्क्रिप्शन इथे कामाचं नाही, कारण आकडे सुरक्षित भागाकडे पिन म्हणून गेलेलेच नसतात. म्हणून अशा वेळी पडद्यावर दाखवायच्या वाक्यांवरही सुरक्षित फर्मवेअरचं नियंत्रण ठेवतात: आकडे मागताना फक्त आधी मंजूर, सही केलेली वाक्यंच दाखवता येतात. सही नसलेलं ॲप तर मशीन चालवतच नाही. ग्राहकाच्या हातापर्यंत मात्र हे संरक्षण पोहोचत नाही. वर लावलेला कॅमेरा बोटं पाहतो, आणि कीपॅडवर बसवलेलं खोटं आवरण आकडे आत पोहोचण्याआधीच टिपतं, म्हणून बटणं दाबताना दुसऱ्या हाताने कीपॅड झाका.