कॅलिब्रेशनच्या बैठकीत रेटिंग बदलते तेव्हा

प्रश्न : माझ्या टीमच्या रेटिंगची सरासरी ४.२ आहे आणि शेजारच्या विभागाची ३.१. ‘तुमचा हात सैल आहे, सगळ्यांना थोडे खाली आणा’ असे मला कॅलिब्रेशनच्या, म्हणजे वेगवेगळ्या मॅनेजरांनी दिलेली कामाची रेटिंग एकत्र तपासण्याच्या बैठकीत सांगितले. हे योग्य आहे का?

सरासरीतील फरक पाहून चौकशी जरूर करावी, पण तेवढ्यावरून कोणाचेही रेटिंग बदलू नये. फरकाची कारणे दोन असू शकतात. एक तर तुमच्या टीमचे काम खरोखरच सरस असेल, नाहीतर दोन मॅनेजरांची मोजपट्टी वेगळी असेल. यांतले खरे कोणते, हे एकाच ग्रेडची माणसे शेजारी-शेजारी ठेवून वाचल्याशिवाय कळत नाही.

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात माझ्यापुढे जवळपास हेच आकडे आले होते. मेंटेनन्सच्या चौदा अभियंत्यांची सरासरी ४.२ होती, तर गुणवत्ता विभागातील अकरा जणांची ३.१. आम्ही मेंटेनन्समध्ये ४ मिळालेले तिघे आणि गुणवत्ता विभागात ३ मिळालेले त्याच ग्रेडचे तिघे निवडले आणि मॅनेजरांनी त्यांच्याबद्दल लिहिलेली कारणे मोठ्याने वाचली. मेंटेनन्सच्या एका अभियंत्यापुढे लिहिले होते, ‘रात्री केव्हाही बोलावले तरी येतो, काम वेळेवर करतो.’ गुणवत्ता विभागातील एकापुढे होते, ‘ग्राहकांच्या तक्रारी वर्षभरात नऊवरून चारवर आणल्या; उद्दिष्ट सहाचे होते.’ कंपनीच्या व्याख्येप्रमाणे ३ म्हणजे ठरलेले काम नीट पार पाडणे आणि ४ म्हणजे उद्दिष्टाच्या पुढे जाणे. वाचून होताच दोन्ही मॅनेजर गप्प झाले, कारण एकाने तत्परतेला ४ दिले होते आणि दुसऱ्याने उद्दिष्ट ओलांडणाऱ्याला ३. त्यानंतर प्रत्येकाची नोंद त्याच व्याख्येवर तपासली, तेव्हा मेंटेनन्समधील पाच जण एकेका अंकाने खाली आले, गुणवत्ता विभागातील तिघे एकेका अंकाने वर गेले आणि सरासरी ३.९ व ३.४ झाली. उरलेला फरक आम्ही मुद्दाम तसाच ठेवला, कारण त्या वर्षी मेंटेनन्सचे काम खरोखरच उजवे होते आणि त्याच्या नोंदी समोर होत्या.

म्हणून ‘सगळ्यांना थोडे खाली आणा’ असे कोणी म्हणाले, तर नेमके कोणाला आणि त्याच्या कोणत्या नोंदीवरून, एवढेच विचारा. याचे उत्तर मिळत नसेल, तर ती फक्त आकड्यांची जुळवाजुळव आहे.

प्रश्न : मॅनेजरने मला ४ दिले होते, पण बैठकीनंतर ३ झाले. ‘माझ्या हातात नव्हते, कमिटीने कमी केले’ असे ते म्हणतात. मी काय करावे?

हे वाक्य मला फार खटकते, कारण त्या बैठकीत तुमची बाजू मांडणारे बहुधा ते एकटेच होते. अंतिम रेटिंग पटलेले नसले, तरी ते का बदलले हे सांगण्याची जबाबदारी त्यांचीच आहे. त्यांना दोन गोष्टी लेखी विचारा : माझ्या कोणत्या कामाबद्दल प्रश्न निघाला आणि ४ साठी त्यात काय कमी पडले? बैठक नीट झाली असेल, तर प्रत्येक बदलापुढे कारणाची एक ओळ एचआरच्या तक्त्यात असते. उत्तरात ठोस कामाचा उल्लेख आला आणि त्यात चूक असेल, तर पुरावा जोडून फेरविचार मागा. ‘कर्व्हमध्ये बसत नव्हते’, म्हणजे कोणता अंक किती जणांना द्यायचा याच्या ठरलेल्या प्रमाणात बसत नव्हते, एवढेच उत्तर आले, तर ते तुमच्या कामाचे मूल्यमापन नव्हे आणि तसे अपिलात स्पष्ट लिहा. आणखी एक सांगते. बैठकीच्या आधी मॅनेजरने अंक सांगणे हीच पहिली चूक आहे. तोपर्यंत तो केवळ प्रस्ताव असतो.

प्रश्न : आमच्याकडे सहा-सहा जणांच्या टीम आहेत आणि प्रत्येक टीममध्ये एकाला तरी २ द्यावेच लागते. बेल कर्व्ह असाच लावतात का?

लावतात, पण सहा जणांवर तो लावण्याला आधार नाही. शेकडो माणसांच्या गटात ज्या प्रमाणाची अपेक्षा धरता येते, ते सहा जणांत उतरेलच असे नाही, शिवाय ही माणसे निवडून घेतलेली असतात. परिणाम असा होतो की मजबूत टीममधील सहावा माणूस २ घेऊन जातो आणि कमकुवत टीममधील त्याच्याहून कमी काम करणारा ३. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची क्रमवारी २०१३ मध्ये बंद केली. प्रमाण पाहायचेच असेल, तर ते अनेक टीम मिळून एकत्र पाहावे आणि तेही तपासणीचा इशारा म्हणून.

प्रश्न : चार तासांच्या बैठकीत शेवटच्या नावांवर दोन मिनिटेही मिळत नाहीत. उपाय काय?

सगळी नावे चर्चेला घेऊ नका. ३ असलेल्या आणि कोणाचीच हरकत नसलेल्यांना बाजूला काढा. ५ आणि २ ची सगळी नावे व सीमेवरची नावे घ्या, त्यांचा क्रम टीमनुसार न ठेवता ग्रेडनुसार ठेवा आणि पदाने सर्वांत मोठ्या अधिकाऱ्याला मत शेवटी मांडायला सांगा. ते आधी बोलले, की बाकीचे मॅनेजर आपले अंक त्यांच्याकडे सरकवतात.