धुक्यात सरळ चालणारा माणूस गोल का फिरतो?

आषाढात रायरेश्वराच्या पठारावर दाट धुके होते. आम्ही चौघे नाकासमोर चाललो होतो, तरी तासाभराने पुन्हा त्याच दगडांच्या ढिगापाशी आलो. आजी म्हणते, चकवा लागला. नेमके काय झाले असेल? (कोथरूड)

आजींनी घटना अगदी बरोबर ओळखली आहे; फक्त तिचा कर्ता बाहेर नसून आपल्या डोक्यात असतो. सरळ चालणे ही आपोआप घडणारी गोष्ट नाही. प्रत्येक पावलागणिक दिशा किंचित चुकते आणि दूरवरचा एखादा सुळका, झाड किंवा क्षितिज पाहून आपण ती नकळत सावरून घेतो. धुक्याने हे सगळे पुसले की मेंदूच्या हाती उरतात ते अंतर्कर्णातील तोल सांभाळणारे अवयव आणि स्नायू-सांध्यांकडून येणारे संदेश. या संदेशांत थोडी गडबड कायमच असते आणि त्यामुळे ‘सरळ समोर म्हणजे कोणीकडे’ ही मेंदूची समजूत हळूहळू सरकत जाते. पुढचे पाऊल या सरकलेल्या समजुतीवरून मोजले जाते, त्यामुळे आधीची चूक निस्तरली न जाता तिच्यात नव्या चुकीची भर पडते. बराच वेळ ही भर कधी उजवीकडे तर कधी डावीकडे पडते आणि वाट नुसती नागमोडी होते. पण एका बाजूची सरक पुरेशी मोठी झाली की माणूस त्या बाजूला वळतच राहतो आणि वर्तुळ पूर्ण होते.

यासाठी वळण किती लहान असले तरी पुरते, ते पाहा. एक किलोमीटर व्यासाच्या वर्तुळाचा परीघ सुमारे ३१४० मीटर भरतो. पाऊल ७० सेंटिमीटरचे धरले तर ही साधारण ४५०० पावले झाली आणि ३६० अंशांचे वळण तेवढ्या पावलांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला एका अंशाचा बारावा भागही येत नाही. अंतर्कर्णाला वळण जाणवायला त्याचा वेग सेकंदाला साधारण एक अंशाच्या आसपास तरी असावा लागतो. इथे तो त्याच्या सातव्या हिश्श्याएवढाच असतो. तेव्हा ‘आम्ही वळलोच नाही’ ही तुमची खात्री प्रामाणिकच होती. चौघे असल्याचा उपयोगही झाला नसणार, कारण अशा वेळी मागचे तिघे पुढच्याच्या पाठीकडे पाहत चालतात आणि चूक एकाचीच राहते.

माझा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा आखूड आहे. लांब पायाचे पाऊल मोठे पडते आणि म्हणून माणूस एका बाजूला वळतो, असे शाळेत ऐकले होते. ते खरे का? (सदाशिव पेठ)

हे स्पष्टीकरण जुने आणि फार पटण्याजोगे आहे, पण तपासणीत टिकले नाही. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेत यान सौमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा जणांना डोळे बांधून मोठ्या मोकळ्या मैदानात सरळ चालायला सांगितले आणि त्यांचा माग जीपीएसने नोंदवला. हे काम २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. कित्येकांनी वर्तुळे काढली आणि त्यांतील काही अवघ्या २० मीटर व्यासाची होती, म्हणजे वर धरलेल्या पावलाच्या हिशेबाने दर पावलाला चार अंशांचे वळण! एवढे फिरूनही आपण सरळच चाललो आहोत, असे त्यांना वाटत होते. मंद गतीने वाढत गेलेले आणि एकसारखे टिकून राहिलेले वळण अंतर्कर्णाला काही वेळाने जाणवेनासे होते, हे त्यामागचे एक कारण असावे.

पायाच्या लांबीचा दोष असता तर माणूस दर वेळी एकाच बाजूला वळला असता. प्रत्यक्षात बहुतेक जण कधी उजवीकडे, कधी डावीकडे वळले. सतत एकाच बाजूला वळणारे मोजकेच निघाले. दोन पायांच्या ताकदीतील फरकाशीही वळणाचा संबंध आढळला नाही. तेव्हा धुक्यात वाट चुकलात तर आखूड पायाला बोल लावू नका.

जंगलात झाडे दिसतात, वाळवंटात सूर्य-चंद्र दिसतात. मग तिथे माणूस का भरकटतो? (चिंचवड)

याच संशोधकांनी जर्मनीतील बीनवाल्ड या सपाट, मोठ्या जंगलात सहा जणांना काही तास चालायला लावले. चौघांच्या वेळी आभाळ भरून आलेले होते. ते चौघेही वर्तुळात फिरले आणि त्यांतील तिघांनी स्वतःचीच वाट पुन्हा पुन्हा ओलांडली, तीही लक्षात न येता. जंगलात झाडे असतात खरी, पण ती जवळची आणि एकसारखी. एका झाडाला वळसा घातला की पुढचे झाड नव्याने निवडावे लागते आणि ते निवडण्याचा आधार पुन्हा तीच सरकलेली समजूत असते. खूण उपयोगी पडायची तर ती दूर आणि स्थिर हवी. उरलेले दोघे सूर्य दिसत असताना चालले आणि त्यांची वाट जवळपास सरळ राहिली. त्यांच्यापैकी एकाची सुरुवातीची पंधरा मिनिटे सूर्य ढगाआड होता आणि गडबड झाली ती तेवढ्यातच.

ट्युनिशियाच्या दक्षिणेकडील सहारात दिवसा चाललेले दोघे थोडे कलले, पण गोल फिरले नाहीत. तिसरा पौर्णिमेच्या रात्री चालला. चंद्र दिसत होता तोवर त्याची वाट ठीक होती. तो ढगाआड गेल्यावर मात्र या गृहस्थांनी काही तीव्र वळणे घेतली आणि ते आले त्याच दिशेला परत निघाले.

धुक्यात सूर्य नाही आणि मोबाइल भिजून बंद पडला, तर सरळ कसे जावे? (भोर)

होकायंत्र असेल तर त्याच्याइतका चांगला उपाय नाही, कारण त्याचे प्रत्येक वाचन स्वतंत्र असते आणि मागची चूक पुढच्या वाचनात उतरत नाही. ते नुसते एकदा पाहून खिशात ठेवले तर मात्र काही उपयोग नाही. दिसेल तेवढ्या अंतरावरचा दगड नेमावा, त्याच्यापर्यंत जावे आणि पुन्हा सुई पाहावी.

होकायंत्र नसेल तर तिघांची ओळ करावी. वीस मीटरपर्यंत दिसत असेल तर दोघांत दहा-दहा मीटर अंतर ठेवावे. सर्वांत मागच्याने मधल्याच्या आडून पुढच्याकडे पाहायचे आणि पुढचा बाजूला सरकलेला दिसला की हाक मारून त्याला ओळीत आणायचे. मग मागच्याने पुढे जाऊन उभे राहायचे आणि आता जो शेवटी उरेल त्याने तेच काम करायचे. चूक इथेही साचते, पण दर पावलाला न साचता दहा-दहा मीटरला साचते, म्हणून वाट पुष्कळ लांबपर्यंत सरळ राहते. काम कंटाळवाणे आहे. नेहमीच्या वेगाची अपेक्षा ठेवू नये.

रायरेश्वरासारख्या पठारावर मात्र सरळ चालणे हेच धोक्याचे ठरू शकते, कारण सरळ रेषा कधी ना कधी कड्यावर संपते. कडा कुठे आहे हे ठाऊक नसेल तर शेवटच्या ओळखीच्या जागी थांबून धुके विरळ होण्याची वाट पाहणेच योग्य.

मे महिन्यात भरदुपारी सूर्य डोक्यावर असतो. तेव्हा त्याच्यावरून दिशा कळते का? (हडपसर)

नुसते वर पाहून कळत नाही. पुणे सुमारे साडेअठरा अक्षांशावर असल्यामुळे मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य इथे जवळजवळ बरोबर माथ्यावर येतो, तोही घड्याळात साडेबाराच्या आसपास. पण मीटरभर उंचीची काठी जमिनीत सरळ रोवून सावलीच्या टोकावर खडा ठेवला आणि वीस मिनिटांनी टोक जिथे सरकले असेल तिथे दुसरा ठेवला, तर दोन्ही खड्यांत साधारण आठ सेंटिमीटर अंतर पडते. पहिला खडा पश्चिमेकडचा, दुसरा पूर्वेकडचा. काठी ओळंब्यात असली पाहिजे आणि तिने मधल्या वेळात हलता कामा नये. दोन खडे इतके जवळ असतात की काठी जरा कलली तरी दिशा बरीच चुकते.