लीडला घोस्ट रिप्लेचा प्रस्ताव पाठवायचाय, ईमेलमध्ये काय लिहू?

इंदूरच्या एका लहान स्टुडिओत काम करतो. युनिटीत मोबाइलसाठी रिक्षांच्या शर्यतीचा गेम चाललाय, तीन ट्रॅक आहेत. मोठा ट्रॅक राजवाड्यापासून कृष्णपुऱ्याच्या पुलावरून सराफ्याला वळसा घालून परत येतो. खेळाडूला स्वतःच्याच सर्वोत्तम लॅपची धूसर रिक्षा सोबत पळताना दिसावी, असं मला सुचवायचंय. लीडला आम्ही सगळे दादा म्हणतो. त्यांना तोंडी सांगितलं तर म्हणाले, "ईमेल टाक, स्कोप आणि रिस्क लिहून." काय काय लिहू?

---

ईमेलला हात लावण्याआधी एकच गोष्ट ठरवून टाका: लॅपमधलं नेमकं काय साठवायचं. स्कोप आणि रिस्क, दोन्ही त्यावरच ठरतात. हे न ठरवता पाठवलेल्या ईमेलला "बघू" एवढंच उत्तर येतं.

दोन मार्ग आहेत. पहिल्यात खेळाडूने काय दाबलं ते साठवायचं, म्हणजे हँडल किती वळवलं, गॅस किती, ब्रेक कधी. मग त्याच गोष्टी पुन्हा फिजिक्सला खायला घालायच्या. दुसऱ्यात रिक्षा कुठे होती आणि कोणत्या दिशेला तोंड करून होती, तेवढंच ठरावीक अंतराने साठवायचं. पहिला मार्ग वरवर हुशारीचा वाटतो, फाइलही लहान होते. पण त्यात तीच बटणं दाबली की तोच निकाल यावा लागतो, अगदी शेवटच्या दशांशापर्यंत. युनिटीचं नेहमीचं फिजिक्स वेगवेगळ्या प्रोसेसरवर याची हमी देत नाही. पहिल्या वळणावर केसाएवढा फरक पडला, तर पुढच्या कठड्याला रिक्षा घासते आणि तिथून घोस्ट भलतीकडेच जाते. शिवाय कोणी टायरची पकड जरा बदलली की सगळे जुने घोस्ट बाद.

आता आकडे मांडून बघा. फिजिक्सची पायरी ०.०२ सेकंदाची धरू, युनिटीत मुळात तीच असते. ८० सेकंदांच्या लॅपमध्ये ४,००० पायऱ्या होतात. प्रत्येकीला बटणांचे २ बाइट धरले तर ८ केबी. दुसऱ्या मार्गात दर पाचव्या पायरीला, म्हणजे सेकंदाला १० वेळा नोंद घ्यायची. एका नोंदीत जागेचे १२ बाइट, दिशेचे १६, हँडलच्या कोनाचा १ आणि खुणांचा १, असे ३० बाइट. ८०० नोंदींचे २४ केबी. म्हणजे पहिल्या मार्गाने वाचतात अवघे १६ केबी, आणि त्यासाठी आख्खं फिजिक्स बांधून ठेवावं लागतं. दुसराच मार्ग घ्या. दाब देऊन फाइल लहान करण्याच्या भानगडीतही पहिल्या टप्प्यात पडू नका.

सेकंदाला १० नोंदी कमी नाहीत का, असं दादा विचारतील. ताशी ९० किमी म्हणजे सेकंदाला २५ मीटर, तेव्हा दोन नोंदींमध्ये अडीच मीटर पडतात. मधली जागा सरळ रेषेने भरायची. सराफ्याच्या वळणाची त्रिज्या १२ मीटर आणि तिथला वेग सेकंदाला १० मीटर धरला, तर सरळ रेषा खऱ्या वाटेपासून जेमतेम एक सेंटिमीटर सुटते. धूसर रिक्षेत ते कोणाला दिसणार?

या मार्गाची खरी किंमत मात्र ईमेलमध्ये लपवू नका. जागांची नुसती यादी असलेली फाइल लॅप खरोखर चालवला गेल्याचा पुरावा होत नाही. कोणीही आकडे बदलून रिक्षा ४० सेकंदांत फिरवून आणेल. म्हणून ऑनलाइन क्रमवारी आणि दुसऱ्याचे घोस्ट स्कोपबाहेर ठेवा, आणि कारण हेच लिहा. "वेळ नाही म्हणून" असं लिहिलंत तर पुढच्याच मीटिंगला कोणीतरी "एवढं जोडून टाक ना" म्हणेल.

रिस्क लिहिताना दहा ओळींची यादी नको. या गेममध्ये हमखास बसणाऱ्या तीन-चारच घ्या आणि ती झाली हे कसं कळेल, ते प्रत्येकीसमोर लिहा. सगळ्यात आधी दिसेल ती रिस्पॉनची. रिक्षा पुलावरून खान नदीत पडली की गेम तिला पुन्हा पुलावर ठेवतो. घोस्ट मात्र नदीतली शेवटची नोंद आणि पुलावरची पहिली नोंद यांच्यात रेष ओढते, आणि रिक्षा पाण्यातून तरंगत वर येते. उपाय सोपा आहे, पण तो नोंदीच्या रचनेत पहिल्या दिवसापासून असावा लागतो. रिस्पॉननंतरच्या पहिल्या नोंदीवर खूण ठेवायची आणि त्या जागी रेष ओढायची नाही:

```csharp
float t = lapTime / dt;   // dt = 0.1, फाइलमधून वाचलेला
int i = Mathf.Clamp((int)t, 0, count - 2);
float f = Mathf.Clamp01(t - i);
if (s[i + 1].jump) f = 0f;
ghost.SetPositionAndRotation(
    Vector3.Lerp(s[i].pos, s[i + 1].pos, f),
    Quaternion.Slerp(s[i].rot, s[i + 1].rot, f));
```

`dt` कोडमध्ये पक्का लिहू नका, फाइलच्या सुरुवातीलाच ठेवा. उद्या कमकुवत फोनसाठी कोणी फिजिक्सची पायरी ०.०३ केली, तर दर पाचव्या पायरीची नोंद ०.१५ सेकंदाला पडेल, आणि त्यासाठी कोडमधला आकडा बदलला की जुने घोस्ट वेगळ्याच चालीने पळतील.

दुसरी रिस्क रेषेची. रिक्षा शेवटची रेषा दोन पायऱ्यांच्या मध्ये ओलांडते, ट्रिगर मात्र पुढच्या पायरीला कळवतो. २५ मीटर वेगाला एका पायरीत अर्धा मीटर जातो. मग पडद्यावर "बरोबरी" लिहिलेलं आणि घोस्ट अर्धा मीटर पुढे, असं चित्र दिसतं. आधीच्या पायरीला रेषा ०.३ मीटर दूर होती आणि नंतर रिक्षा ०.२ मीटर पलीकडे गेली, तर ओलांडण्याचा क्षण पायरीच्या ०.६ भागावर, म्हणजे ०.०१२ सेकंदांनी येतो. लॅप सुरू होताना आणि संपताना, दोन्हीकडे हा हिशेब धरा. तपासायला गेम नेमक्या लॅपच्या वेळेला थांबवा: घोस्टचं पुढचं चाक रेषेवरच असलं पाहिजे.

बाकी दोन, ट्रॅकमधला बदल आणि कमकुवत फोन, खालच्या मसुद्यात आल्यात. मसुदा मुद्दाम एका पडद्यात मावेलसा ठेवलाय. दिवसांचे आकडे तुमचा कोड बघून बदला. फक्त तिसऱ्या दिवसाचा थांबा काढू नका, होकार मिळणं त्यानेच सोपं होतं.

विषय: घोस्ट रिप्ले – ८ दिवसांचा प्रस्ताव, तिसऱ्या दिवशी निर्णय

दादा, नमस्कार.

टाइम ट्रायलमध्ये खेळाडूला स्वतःच्या सर्वोत्तम लॅपची धूसर रिक्षा सोबत दिसावी, असा प्रस्ताव आहे. आत्ता फक्त वेळ दिसते. नेमकं कुठल्या वळणावर मागे पडलो, ते कळत नाही.

काय करणार: प्रत्येक ट्रॅकचा एक घोस्ट, तोही फोनवरच. रिक्षेची जागा आणि दिशा सेकंदाला १० वेळा नोंदवायची. ८० सेकंदांच्या लॅपची फाइल सुमारे २४ केबी होते. ३ मिनिटांहून लांबलेला लॅप साठवायचा नाही, त्यामुळे नोंदींची जागा आधीच राखून ठेवता येईल आणि शर्यत चालू असताना मेमरी मागावी लागणार नाही. घोस्टला कोलायडर नाही आणि आवाज नाही. सेटिंगमध्ये बंद करायची सोय राहील.

काय करणार नाही: दुसऱ्याचे घोस्ट, ऑनलाइन क्रमवारी, एकाहून जास्त घोस्ट, रिप्लेचा वेगळा कॅमेरा. या फाइलवरून लॅप खरा की खोटा हे ठरवता येत नाही, त्यामुळे क्रमवारीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल.

वेळ: नोंद आणि प्लेबॅक ३ दिवस, फाइल साठवणं १, दिसणं १, चाचणी आणि दुरुस्ती ३. टेस्टरचे २ दिवस आणि आर्टिस्टचा अर्धा दिवस लागेल. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी राजवाडा ट्रॅकवर चालू घोस्ट दाखवतो. तो पटला नाही तर तिथेच थांबू. तोवरचा कोड वेगळ्या ब्रँचवर असेल.

रिस्क:
रिस्पॉननंतर घोस्ट तरंगत येणं. नोंदीत खूण ठेवून टाळणार. चाचणी: पुलावरून मुद्दाम तीनदा पडायचं.
रेषेवर वेळ आणि चित्र न जुळणं. दोन पायऱ्यांमधला क्षण काढणार. एका पायरीहून, म्हणजे ०.०२ सेकंदाहून जास्त फरक दिसला तर काम पूर्ण धरायचं नाही.
ट्रॅक बदलणं. सराफ्यातली एखादी गाडी दोन मीटर सरकवली तरी जुना घोस्ट तिच्या आरपार जाईल. फाइलमध्ये ट्रॅकचा आणि रिक्षेच्या ट्यूनिंगचा आवृत्ती क्रमांक ठेवू. न जुळल्यास घोस्ट दाखवायचा नाही, वेळ मात्र ठेवायची. डिझायनरने बदल करताना क्रमांक वाढवणं आवश्यक आहे, हे आपल्याकडून सांगितलं गेलं तर बरं.
कमकुवत फोन. दुसरी रिक्षा पारदर्शक काढली तर एकाच ठिकाणचे पिक्सेल पुन्हापुन्हा रंगवले जातात, आणि तिच्या आतल्या सीटही दिसतात. म्हणून खरी पारदर्शकता न वापरता जाळीसारखे पिक्सेल गाळणारा शेडर घेणार. ३० फ्रेमला एका फ्रेमचे ३३ मिलिसेकंद मिळतात. त्यातला १ मिलिसेकंद घोस्टची मर्यादा. आपल्या सगळ्यात जुन्या टेस्ट फोनवर प्रोफायलरने मोजून आकडा पाठवीन.

आपल्याकडून दोन गोष्टी हव्यात: ८ दिवसांना होकार, आणि रिस्पॉन झालेला लॅप सर्वोत्तम धरायचा की नाही, याचा निर्णय.

मसुदा इथे संपला. त्यातला शेवटचा प्रश्न फालतू समजू नका. तो गेमच्या नियमाचा आहे, कोडचा नाही, आणि तुम्ही परस्पर ठरवलात तर चाचणीच्या आठवड्यात उलटतो.

एक बारीक गोष्ट ईमेलमध्ये नको, पण कामात लागेल. घोस्टची फाइल लॅप संपल्याबरोबर लिहा, गेम बंद होण्याची वाट बघू नका, कारण अँड्रॉइड मागे गेलेलं अ‍ॅप न सांगता मारतं. आधी `Application.persistentDataPath` मध्ये वेगळ्या नावाने पूर्ण लिहा आणि मग जुन्या फाइलच्या जागी ठेवा. थेट जुन्यावरच लिहिलंत आणि मध्येच अ‍ॅप मेलं, तर नवा घोस्ट अर्धवट राहतो आणि जुनाही हातचा जातो. अशी फाइल ओळखायला सुरुवातीला नोंदींची संख्या लिहून ठेवा. वाचताना फाइलची लांबी तिच्याशी जुळली नाही, तर घोस्ट नाही असं धरून गेम निमूट सुरू होऊ द्या.