गरम पाण्याच्या तक्रारीला हॉटेलमालकाने काय उत्तर लिहावं?

प्रश्न: लोणावळ्यात आमचं 14 खोल्यांचं हॉटेल आहे. पाहुण्यांनी जेवणाचं कौतुक केलं, पण सकाळी गरम पाणी मिळालं नाही म्हणून 3 तारे दिले. उत्तर काय लिहू?

उत्तर: आधी कारण शोधा. सकाळी 6 वाजता गरम पाण्याच्या टाकीपासून सर्वांत लांबच्या खोलीत नळाखाली बादली धरा. बादलीभर गार पाणी गेल्यावर कढत येत असेल तर दोष पाईपचा आहे. एक इंची पाईपच्या 40 मीटरमध्ये साधारण 20 लिटर पाणी रात्रभर गार होऊन पडलेलं असतं. पाणी शेवटपर्यंत कोमटच राहिलं तर टाकी किंवा हीटर अपुरा आहे, त्याला पाईपमधलं पाणी टाकीकडे परत फिरवणारा पंप लावून उपयोग नाही.

दोष पाईपचा निघाला, तर काम झाल्यावर असं लिहा:

"तुमची तक्रार बरोबर आहे. सकाळी गरम पाणी यायला फार वेळ लागत होता, त्याबद्दल माफ करा. आता पाणी टाकीकडे परत नेणारी लाईन आणि छोटा पंप बसवला आहे. तो पहाटे 5:30 ते 9:30 चालतो. गच्चीवरच्या पाईपला उष्णतारोधक आवरण घातलं आहे. जेवण आवडल्याचं आचाऱ्यांना कळवलं."

आवरण बाकी असेल तर ते वाक्य भूतकाळात लिहू नका, तारीख द्या. "त्या दिवशी गर्दी होती", "बाकी कुणाची तक्रार नाही" ही वाक्यं गाळा. पाहुण्याला ती खोटं पाडल्यासारखी लागतात. जेवणाचे आभार शेवटीच ठेवा, आधी आले की तक्रार टाळल्यासारखं दिसतं. खोली क्रमांक जाहीर लिहू नका.