परिपाठात माकड-मगराची गोष्ट सांगताना

पहिल्यांदाच परिपाठात पंचतंत्रातली गोष्ट सांगणार आहात, तर माकड आणि मगराची घ्या. पण ‘दुष्टांशी मैत्री करू नये’ हे तात्पर्य सांगू नका. मी बरीच वर्षं तेच सांगत होते. एकदा पहिलीतल्या एका मुलीने घाबरून विचारलं, “बाई, माझी मैत्रीण पण माझं काळीज मागेल का?” त्या दिवशी मी मूळ मांडणी पुन्हा पाहिली.

पंचतंत्राची पाच तंत्रं आहेत. ही गोष्ट चौथ्यात येते आणि त्याचं नावच ‘लब्धप्रणाश’, म्हणजे हाती आलेलं गमावणं. गमावतो कोण? मगर! रोज गोड जांभळं देणारा मित्र त्याला मिळाला होता. बायकोच्या हट्टापायी त्याने तो मित्र गमावला. बोध मगराच्या बाजूने पाहिला की मुलांना भीती वाटत नाही, उलट त्याची हळहळ वाटते.

सांगताना सुरुवात झटपट उरका. भर नदीत मगर खरं बोलून टाकतो, तिथे मात्र थांबा. आवाज खाली आणा, चार-पाच सेकंद गप्प राहा आणि विचारा, “आता माकडाने काय करावं?” दोन-तीन उत्तरं घ्या, मगच ‘काळीज झाडावर राहिलं’ हे सांगा.

शेवटी एकच प्रश्न: “दुसऱ्या दिवशी मगर झाडाखाली आला असेल का?” उत्तर तुम्ही देऊ नका. मुलं वर्गात जाताना आपसात बोलत राहिली, तर गोष्ट पोचली. सगळ्यांनी एका सुरात तात्पर्य म्हटलं, तर बहुधा नाही.