गावात मोबाइलची रेंज नाही: बूस्टर घ्यावा की छतावर अँटेना लावावा?

प्रश्न: "आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे. टिनाच्या घरात एकच दांडी येते, कधी तीही जाते. ऑनलाइन चार-पाच हजारांत सिग्नल बूस्टर दिसतो. तो घेऊ का? की छतावर अँटेना लावून फरक पडेल?"

उत्तर:

बूस्टर घेऊ नका. अँटेनानं फरक पडू शकतो, पण पैसे खर्च करण्याआधी छतावर चढून एक मोजमाप घ्या, कारण सगळा निर्णय त्यावरच आहे. मी सीसीटीव्ही आणि वायफाय बसवायची कामं करतो, त्यामुळे हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात लग्नसराईइतकाच नेमानं येतो.

आधी बूस्टर. त्याचे तीन भाग असतात: बाहेर टॉवरकडे तोंड करून एक अँटेना, मधे ॲम्प्लिफायर आणि घरात दुसरा छोटा अँटेना. बाहेरचा सिग्नल घ्यायचा, मोठा करायचा, घरात सोडायचा. आणि फोनचा सिग्नल तसाच उलट टॉवरकडे पाठवायचा. कागदावर झकास आहे. पण तो सिग्नलसोबत त्यातला गोंगाटही तेवढाच वाढवतो. छतावरच सिग्नल मेलेला असेल तर घरात दांड्या चार दिसतील आणि फोन तरीही कटेल. दुसरी अडचण म्हणजे आतला अँटेना जे सोडतो ते बाहेरच्यानं पुन्हा पकडलं, तर लग्नात माइक बॉक्ससमोर धरल्यावर जसं कुईं होतं तसंच इथंही होतं, फक्त ऐकू येत नाही. ते टाळायला दोन अँटेनांमधला अडसर बूस्टरच्या ताकदीपेक्षा पंधराएक डेसिबलनं जास्त लागतो. कवेलूच्या घरात तेवढा अडसर मिळणं मुश्कील. स्वस्त बूस्टर असा शिट्टी मारत बसला की टॉवरचा कान भरून जातो आणि आजूबाजूच्या गावांचे फोन लागत नाहीत.

म्हणूनच कायदाही आड येतो. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून नियम एकच आहे: परवान्याशिवाय असं रेडिओ उपकरण बाळगता येत नाही. मोबाइलचा बूस्टर लावायचा अधिकार टेलिकॉम कंपनीला आहे, आपल्याला नाही. दूरसंचार विभागानं तशा जाहीर सूचना अनेकदा काढल्या आहेत. ऑनलाइन विकायला ठेवलंय म्हणजे चालतं, असं समजू नका.

अँटेनाचं तसं नाही. तो काहीच वाढवत नाही, त्याला वीजही लागत नाही. चहूकडे पसरणारी ताकद तो एका दिशेला गोळा करतो, आणि त्या दिशेनं येणारंही तितकंच चांगलं ऐकतो. हे दोन्ही बाजूंनी होतं हे महत्त्वाचं, कारण दूरच्या गावात बहुतेक वेळा टॉवरचा आवाज आपल्यापर्यंत येतो पण आपला टॉवरपर्यंत पोचत नाही. टॉवर कित्येक वॅटनं बोलतो, फोन जास्तीत जास्त पाव वॅटच्या आतच.

फक्त एक लक्षात घ्या: आजच्या फोनला बाहेरचा अँटेना जोडायची जागाच नसते. त्यामुळे अँटेना म्हणजे सिमकार्ड टाकायचा ४जी राउटर आलाच. अँटेना राउटरला, राउटरचं वायफाय घरात, आणि फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू. मग साधे कॉलही त्या वायफायवरून जातात. तुमच्या कंपनीचं सिम आणि तुमचा फोन ही सोय देतात का, ते आधी पाहून घ्या.

आता मोजमाप. दांड्यांवर जाऊ नका, प्रत्येक फोन त्या आपल्या मनानं दाखवतो. अँड्रॉइडवर डायल करा:

```
*#*#4636#*#*
```

काही फोनवर हे चालत नाही, मग NetMonster सारखं ॲप टाका. त्यात RSRP नावाचा आकडा उणे चिन्हासह दिसतो. −९० च्या आसपास म्हणजे छान, −१०५ म्हणजे काम चालेल, −११५ च्या खाली रडगाणं. हा आकडा सिग्नलची ताकद डेसिबलमध्ये सांगतो. तो १० नं सुधारला तर ताकद दसपट झाली असं समजा. त्याच्याच शेजारी SNR किंवा SINR असतो. तो सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे ते सांगतो. १० च्या पुढे चांगला, शून्याच्या जवळ आला की नेट रांगतं. घरात, अंगणात, मग छतावर उभं राहून दोन्ही आकडे लिहून घ्या. प्रत्येक ठिकाणी फ्लाइट मोड चालू-बंद करून मिनिटभर थांबा. शेजाऱ्याकडची दुसऱ्या कंपन्यांची सिमंही तपासा. कधीकधी अँटेनापेक्षा सिम बदलणंच स्वस्त पडतं.

एक घर सांगतो, म्हणजे हिशेब समजेल. घाटंजीच्या बाजूला एका मास्तरांकडे काम केलं. टिनाचं घर, टॉवर साधारण सहा किलोमीटरवर, मधे बुटकी टेकडी आणि सागाचं रान. आत RSRP −११९, अंगणात −१०८, आणि छपराच्या वर अठरा फुटी जीआय पाइपच्या टोकाला फोन बांधून मोजलं तर −९७. म्हणजे अँटेना विकत घेण्याआधीच, निव्वळ टिनाच्या बाहेर आणि टेकडीच्या वर गेल्यानं, २२ डेसिबल मिळाले. टिन हा सिग्नलचा मोठा वैरी आहे, आणि बहुतेक घरांत खरी कमाई उंचीची असते, अँटेनाची नंतर.

मास्तरांनी आधीच एक अँटेना मागवून ठेवला होता, लॉग पिरियॉडिक जातीचा, ९ डेसिबलचा. त्यासोबत बारा मीटरची बारीक काळी केबल, आरजी-५८ जातीची. ही केबल १८०० मेगाहर्ट्झवर मीटरमागे पाऊण डेसिबलच्या आसपास खाते. बारा मीटरला झाले नऊ. अँटेनानं कमावलेलं सगळं केबलनं खाल्लं, हिशेब शून्य. दुकानदार अँटेनाचा आकडा मोठ्या अक्षरात छापतो, केबलचा कोणी छापत नाही. जाड एलएमआर-४०० केबल तेवढ्याच लांबीला सव्वादोन डेसिबलवर भागवते, पण ती महाग आणि वाकवायला बोजड.

खरा उपाय म्हणजे राउटरच अँटेनाजवळ नेणं. बाहेर बसवायचे ४जी राउटर मिळतात. त्यांना वीज आणि नेट एकाच लॅन केबलनं देता येतं, आणि लॅन केबल शंभर मीटरपर्यंत सिग्नलचा हिशेब बिघडवत नाही. पण घरातला साधा राउटर डब्यात घालून पाइपवर टांगू नका. तो साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला असतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ होतं. बाहेरच्यासाठीच बनवलेला घ्या, आणि तोही उत्तरेच्या सावलीत बसवा.

मास्तरांकडे असा राउटर, दोन अँटेना आणि अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या जोडकेबली बसवल्या. दोन यासाठी की ४जी एकाच वेळी दोन धारांनी डेटा आणतं. एकच लावला तर दुसरी धार वाया जाते. दोन्ही एकमेकांना काटकोनात, एक डावीकडे ४५ अंश कललेला, एक उजवीकडे, कारण टॉवरवरचे अँटेनाही बहुतेक तसेच असतात.

मग दिशा. टॉवरकडे नेम धरला, RSRP −८९ आला, सगळे खूष. पण SINR फक्त ४ आणि वेग तीन-चार एमबीपीएस. त्याच दिशेला मागे दुसरा टॉवर त्याच फ्रिक्वेन्सीवर बोलत होता आणि त्याचा आवाज मिसळत होता. पाइप जरा जरा फिरवत गेलो. पंचवीसएक अंश बाजूला वळवल्यावर RSRP −९२ पर्यंत घसरला, पण SINR १३ झाला आणि वेग बारा-चौदावर गेला. म्हणून अँटेना फिरवताना डोळा SINR वर ठेवा. प्रत्येक वळणानंतर थांबा, राउटरला आकडा बदलायला वेळ लागतो. टॉवर कुठं आहे ते माहीत नसेल तर दूरसंचार विभागाच्या तरंग संचार संकेतस्थळावर, tarangsanchar.gov.in इथं, नकाशात सापडतो.

घेताना अँटेना कुठल्या फ्रिक्वेन्सीचा आहे ते वाचा. जिओ ४जी ८५०, १८०० आणि २३०० वर चालतं, बीएसएनएलचं ७०० आणि २१०० वर. ७०० ते २७०० लिहिलेला घेतला तर सगळे बसतात. वायफायसाठीचा २.४ गिगाहर्ट्झचा यागी जातीचा अँटेना दिसायला तसाच असतो, पण इथं तो भंगार.

मोजमाप कुठल्या महिन्यात घेताय तेही पाहा. मार्चमध्ये साग निष्पर्ण असतो, ऑगस्टमध्ये ओल्या पानांनी गच्च. रानाच्या कडेच्या गावात उन्हाळ्यात जेमतेम मिळालेला आकडा पावसाळ्यात टिकत नाही, तेव्हा पाच-सात डेसिबल हाती राखून ठेवा. आणि लोखंडी पाइप उभा केला की त्याला अर्थिंग द्याच. वळवाच्या विजा कडाडायला लागल्या की लॅन केबल आणि ॲडॉप्टर काढून ठेवायचे.

अँटेना कुठं उपयोगाचा नाही, तेही सांगतो. छतावर RSRP −९० असून संध्याकाळी नेट चालत नसेल, पण पहाटे पाचला धावत असेल, तर टॉवरवर गर्दी आहे. तिथं दुसऱ्या कंपनीचं सिम किंवा दुसरा टॉवर हाच मार्ग. गावची लाइन गेल्यावर तासा-दोन तासांनी रेंजही जात असेल, तर टॉवरची बॅटरी खलास आहे, तुमचा पाइप कितीही उंच असो. आणि मेळघाटच्या किंवा भामरागडच्या एखाद्या दरीतल्या गावासारखं, पाइपच्या टोकावरही कुठल्याच सिमला आकडा उमटत नसेल, तर वाढवायलाच काही नाही. तिथं आधी ग्रामपंचायतीत भारतनेटची फायबर पोचली आहे का आणि चालू आहे का ते विचारा. ती चालू असेल तर तिथून घरापर्यंतची जोडणी या सगळ्या खटाटोपापेक्षा बरी.

घर, अंगण आणि छत, तिन्ही ठिकाणचे आकडे आणि सिमची कंपनी खाली टाका, कुठला अँटेना आणि किती उंच पाइप ते सांगतो.