गौरीच्या पावलांना नेमकं नाव दे

प्रिय मुली,

तुझा यूट्यूबवरचा रांगोळीचा व्हिडिओ पाहिला. पावलं सुबक आलीत, ठिपके जोडताना हात कुठे अडखळत नाही. पण मथळा काय, तर ‘सुंदर सोपी रांगोळी, सणासाठी खास’! उद्या गौरी घरात घ्यायच्या असलेली बाई असं काही शोधत नाही. ती लिहिते ‘गौरीची पावले रांगोळी’. आणि गौरी हा शब्द तू कुठेच लिहिलेला नाहीस.

तो लिही, पण नुसता ‘गौरी’ लिहून भागत नाही. चैत्रात चैत्रगौर बसते, तिच्यासमोर चैत्रांगण काढतात आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत हळदीकुंकू चालतं. भाद्रपदातल्या ज्येष्ठा गौरी वेगळ्या. त्या अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर त्यांचं पूजन होतं आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. तुझी पावलं आवाहनाची आहेत, म्हणून ‘ज्येष्ठा गौरी आवाहन’ असंच लिही.

आपल्या बेळगावात तर ही काळजी दुप्पट. शेजारची कन्नड बोलणारी मैत्रीण कन्नडमध्ये शोधणार, तेव्हा तिच्यासाठीही एक ओळ हवी. पण तिथे ‘ಗೌರಿ ಹಬ್ಬ’, म्हणजे गौरी हब्ब, एवढंच लिहून मोकळी होऊ नकोस. म्हैसूरकडे त्या नावानं ओळखतात ती स्वर्णगौरी, गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवसाची. तो शोध घेऊन आलेल्या बाईला तुझी रांगोळी हवी ती वाटणार नाही, ती दोन क्षणांत बंद करील. गुढीपाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात, तिथे तोरण-कलशाच्या रांगोळीला दोन्ही नावं खुशाल दे. मधोमध गुढी काढली असशील, तर मात्र उगादीचं नाव जोडू नकोस. आणि नुसतं ‘पाडवा’ कधीच नको, दिवाळीतही पाडवा असतो.

आता ठिपके. रांगोळी काढणाऱ्या बायका ठिपक्यांच्या हिशेबानंच शोधतात, आणि तू तो सांगितलेलाच नाहीस. मी व्हिडिओ थांबवून मोजले. मधल्या ओळीत 11, वर-खाली एकेक कमी होत शेवटी 6, म्हणजे ‘11 ते 6’. पुढच्या ओळीचा ठिपका आधीच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये पडतो, म्हणून कडा सहा बाजूंची होते आणि एकूण ठिपके 91 भरतात. हेच ठिपके सरळ एकाखाली एक मांडून दोन्ही टोकांनी एकेक सोडत गेलीस, तर 11, 9, 7 करत 1 वर येतेस आणि 61 होतात. नुसतं ‘11 ठिपक्यांची’ वाचून एखादीनं सरळ मांडले, तर तुझी नक्षी तिला जुळणारच नाही. म्हणून आकडे आणि मांडणी दोन्ही लिही. बिनठिपक्यांची, मुक्तहस्त किंवा संस्कार भारती पद्धतीची असेल, तर तसं स्पष्ट म्हण.

मी असं लिहिलं असतं:

```
ज्येष्ठा गौरी आवाहन | गौरीची पावले | 11 ते 6 ठिपके रांगोळी

मधल्या ओळीत 11 ठिपके, सर्वांत वरच्या आणि खालच्या ओळीत 6.
पुढच्या ओळीचा ठिपका आधीच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये.
ಜ್ಯೇಷ್ಠ ಗೌರಿ ರಂಗೋಲಿ, 11 ರಿಂದ 6 ಚುಕ್ಕಿ
gauri pavle rangoli 11 to 6 dots
```

यूट्यूबवर मथळ्याला 100 अक्षरांची मर्यादा आहे, आणि मोबाइलवर तेवढाही पूर्ण दिसत नाही. म्हणून सण पुढे, कौतुकाचे शब्द बाहेर. खालच्या वर्णनातही पहिल्या दोन ओळीच चटकन दिसतात, तिथे ठिपके येऊ देत. रोमन लिपीतली ओळ विसरू नकोस, कितीतरी जणी मराठी तशीच टाइप करतात. दिवाळी, संक्रांत, नागपंचमी अशी सगळी नावं एका व्हिडिओखाली कोंबू नकोस. असंबद्ध शब्दांची रास यूट्यूबच्या नियमांतही बसत नाही. टॅगच्या रकान्यात फार वेळ घालवू नकोस, त्याचा उपयोग मुख्यतः चुकीच्या स्पेलिंगपुरता. तारीखही नको, गौरी दरवर्षी वेगळ्या तारखेला येतात आणि व्हिडिओ पुढच्या वर्षीही चालायला हवा.

व्हिडिओला मागे गाणं लावलंयस, तिथे एकदा स्वतः बोल: ‘मधल्या ओळीत अकरा ठिपके देऊया’. बघणारीला हात थांबवून खाली वाचायला लागत नाही.

मेहंदीलाही हाच नियम, फक्त ठिपक्यांच्या जागी हाताचा भाग येतो. तळहात की मागची बाजू, बोटं की कोपरापर्यंत, मोकळी जागा सोडत जाणारी अरेबिक वेल की पूर्ण भरलेली नवरीची. श्रावणातल्या नागपंचमीला झटपट काढायची असेल, तर किती मिनिटांत होते तेही मथळ्यात घाल, पण घड्याळ लावून मोजल्याशिवाय नाही.

गौरी विसर्जन झालं की यूट्यूब स्टुडिओमध्ये जाऊन यूट्यूब सर्चमधून लोक कोणते शब्द लिहून आले ते बघ. तिथे एखादा शब्द असा सापडला, की जो तू लिहिलाच नव्हतास आणि रांगोळीला खरंच लागू पडतो, तर तो वर्णनात घाल.

तुझी मावशी